काळी सलवार चिखल लपवत नाही: नाशिकच्या पावसासाठी कपड्यांचे रंग कसे निवडावेत

मे संपत आला की माझ्याकडे ड्रेस शिवायला टाकणाऱ्या निम्म्या बायकांचं एकच सांगणं असतं, "ताई, खालचं काळंच करा, पावसाचे दिवस आहेत." इंदिरानगरला घरीच शिवणकाम करते, आणि कितीतरी वर्षं मीही त्यांना हेच सांगत आले. मग एका जुलैत एका साखरपुड्याला निघाले होते. द्वारकेला रिक्षातून उतरले, दहा पावलं चालले नाही तोच एका गाडीने खड्ड्यातलं पाणी उडवलं. खाली पाहिलं, तर काळ्या सलवारीवर काहीच दिसेना. बरं वाटलं. हॉलमध्ये जाऊन पंख्याखाली बसले आणि अर्ध्या तासात उजव्या पायावर गुडघ्यापर्यंत राखाडी ठिपके उमटले, कुणी पिठात बोटं बुडवून झटकावीत तसे. शेजारी बसलेल्या काकूंच्या बदामी साडीवरही तेवढेच शिंतोडे होते, पण त्यांचे वाळत चालले तसे दिसेनासे होत होते.

त्या दिवसापासून मी शिवणातली कातरणं जमवून त्यांच्यावर चिखल उडवून बघायला लागले. त्यातून जे हाती आलं ते इथे क्रमाने लिहिते आहे. सलवार-कुर्त्याच्या उदाहरणाने लिहिलंय, कारण माझा हात त्यावर बसलेला आहे. पण पँट-शर्टालाही हेच लागू होतं.

शिंतोड्याला दोन रंग असतात

ओला चिखल गडद असतो आणि वाळला की उजळतो, हे सगळ्यांना माहीत आहे. कपडा निवडताना मात्र आपण फक्त ओला चिखल डोळ्यांसमोर आणतो. शिंतोडा उडतो त्या क्षणी तो काळपट असतो, म्हणून काळं कापड योग्य वाटतं. पण ओला तो दहा-वीस मिनिटंच राहतो. पुढे दिवसभर आपण वाळलेला शिंतोडा अंगावर घेऊन फिरतो, आणि तो असतो फिका, धुळीच्या रंगाचा.

असं का होतं, ते समजून घेतलं की पुढची सगळी निवड सोपी होते. वाळलेल्या मातीच्या कणांमध्ये हवा असते. उजेड त्या कणांवर आदळून चारी बाजूंना विखुरतो, त्यातला बराचसा आपल्या डोळ्यांकडे परततो, म्हणून माती उजळ दिसते. पाणी शिरलं की हवेची जागा पाणी घेतं, विखुरणं कमी होतं, उजेड आतच मुरतो आणि माती गडद दिसते. कापडाचंही नेमकं असंच आहे. सुती कुर्त्यावर स्वच्छ पाणी सांडलं तरी तिथे गडद डाग दिसतो, तो याच कारणाने. पाण्याला स्वतःचा रंग नसतो, पण कापडाचा रंग ते बदलून दाखवतं.

म्हणजे पावसाळ्यात कापडापुढे तीन गोष्टी येतात: ओला चिखल, वाळलेला चिखल आणि नुसत्या पाण्याची ओल. काळा रंग पहिली आणि तिसरी छान लपवतो, दुसरीत उघडा पडतो. पांढरट रंग दुसरी थोडीफार लपवतो, पहिलीत हरतो, आणि पातळ असेल तर ओला झाल्यावर आरपार दिसायला लागतो. मधल्या उजळीचे रंग चिखलाला चांगले, पण पाण्याची ओल त्यांच्यावर सगळ्यात जास्त दिसते. आकाशी आणि फिका राखाडी तर यात फारच वाईट. एकटा रंग तिन्ही गोष्टी सांभाळू शकत नाही. चिखलाचं काम रंगावर सोपवायचं आणि पाण्याचं काम कापडाच्या पोतावर किंवा छापावर, असा माझा हिशेब आहे.

आधी आपल्या रस्त्याची माती बघा

नाशिकमध्ये दोन बाजूंना राहणाऱ्या दोघींना एकच रंग सुचवता येत नाही. शहरातल्या डांबरी रस्त्यावरचं पाणी करडं असतं. त्यात बारीक धूळ, टायरची झीज आणि गाड्यांचं तेल असतं, आणि वाळल्यावर सिमेंटसारखे राखाडी ठिपके राहतात. निफाड-दिंडोरीकडे काळी माती. ओली असताना ती डांबरासारखी दिसते आणि चिकटते, वाळली की करडी-तपकिरी होते. त्र्यंबक-इगतपुरीकडे माती लालसर, आणि कुठल्याही कॉलनीत खड्डे बुजवायला मुरूम टाकला की तिथेही पावसाळाभर विटकरी पाणी. या लालसर मातीत लोहाचा अंश असतो आणि तिचा डाग हलक्या कापडातून पूर्ण निघत नाही. ब्लीचने तर मुळीच नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या प्रदक्षिणेला पांढरे कपडे घालून जाणाऱ्यांचे लेंगे बघा, खालची वीतभर पट्टी कायमची चहाच्या रंगाची होते.

म्हणून पहिलं काम दुकानात जाण्याचं नाही. रोज ज्या रस्त्याने जाता तिथल्या कडेची मूठभर माती पिशवीत आणायची. उन्हाळ्यातच आणून ठेवली तर उत्तम, कोरडी मिळते.

कातरणांची चाचणी

शिंप्याकडे मागितली तर कातरणं कुणीही देतं. वीत-दीड वीत लांबीचे सात-आठ तुकडे घ्या, शक्यतो वेगवेगळ्या रंगांचे आणि दोन-तीन प्रकारच्या कापडांचे. एका पुठ्ठ्यावर टाचण्यांनी लावा आणि पुठ्ठा भिंतीला उभा टेकवा. आडवा ठेवू नका. पायावरचा शिंतोडा थोडा ओघळतो, ते ओघळणंही दिसायला हवं.

दोन चमचे कोरडी माती अर्धा कप पाण्यात ढवळा, मिनिटभर थांबा आणि चहाच्या गाळणीतून गाळा. खडे गाळणीत राहतात, गढूळ पाणी खाली येतं. रस्त्यावरून उडतं ते पाणी साधारण असंच असतं. दात घासायचा जुना ब्रश त्यात बुडवा, हातभर अंतरावरून पुठ्ठ्याकडे धरा आणि अंगठ्याने केस मागे ओढून सोडा. सगळ्या तुकड्यांवर सारखे शिंतोडे पडतील असं पाच-सहा वेळा करा. प्रत्येक तुकड्याचा एक कोपरा कागदाने झाकून कोरा ठेवा, नाहीतर नंतर तुलना कशाशी करणार?

आता तीन वेळा बघायचं. लगेच एकदा, पूर्ण वाळल्यावर एकदा, आणि वाळलेला तुकडा हाताने दोन-तीनदा झटकल्यावर एकदा. दर वेळी सहा फुटांवरून बघा. समोरचा माणूस आपली सलवार जवळ नाक नेऊन पाहत नाही.

डोळ्यांनी ठरत नसेल तर मोबाइलमध्ये फोटो काढून तो ब्लॅक अँड व्हाइट करा. रंग गेला की फक्त उजळपणा उरतो. ज्या तुकड्यावर वाळलेले ठिपके कापडात मिसळून जातात, त्या कापडाचा आणि तुमच्या मातीचा उजळपणा जुळला. रंग जुळतोय की नाही, याला तितकं महत्त्व नाही. हे मला खूप उशिरा कळलं. मी मातीसारखा तपकिरी रंग शोधत बसायचे, आणि मेंदी रंगाचा एक तुकडा, जो मातीसारखा मुळीच नाही, तो त्याहून सरस ठरायचा. डोळा आधी उजळ-गडद टिपतो, रंगाचा फरक त्यानंतर. विशेषतः ठिपका बारीक असेल तेव्हा.

दिंडोरी रोडची भाची

माझी भाची म्हसरूळला राहते आणि दिंडोरीच्या बाजूला शाळेत शिकवते. रोज स्कूटीवर. तिथे शेतातून निघालेले ट्रॅक्टर चाकांना लागलेली काळी माती डांबरावर सोडत जातात, मग पाऊस पडला की त्या पट्ट्यात रस्ता निसरडा आणि पाणी काळं. ती म्हणाली, "मावशी, मुलींसमोर उभं राहायचं असतं गं. दुसऱ्या तासापर्यंत पाय बघवत नाहीत." तिच्याच रस्त्याची माती मागवून आम्ही आठ तुकड्यांवर चाचणी केली: काळा, नेव्ही ब्लू, कॉफी, गडद मेंदी, खाकी, बदामी, आमसुली आणि निळ्या-लाल अजरखचा बारीक छाप.

ओले असताना काळा, नेव्ही, कॉफी आणि आमसुली यांच्यावर जवळजवळ काहीच नव्हतं. बदामीवर शाई उडाल्यासारखं झालं होतं, खाकीवरही बऱ्यापैकी. भाची लगेच म्हणाली, "बघ, काळाच बरा." मी म्हटलं, वाळू दे.

तासाभराने चित्र उलटलं. काळ्यावरचे ठिपके सगळ्यात ठळक, नेव्हीवर त्याहून थोडेच कमी. आमसुलीवर दिसत होते, पण तांबूसपणामुळे धुळीइतके. बदामीवरचे बरेच फिके पडले, तरी प्रत्येक ठिपक्याला एक गडद कड राहिली. पाणी वाळताना कडेकडे सरकतं आणि बारीक गाळ सोबत घेऊन जातं, त्याची ती कड. कॉफीवर शोधलं तर सापडत होते. गडद मेंदीवर सहा फुटांवरून मला एकही मोजता आला नाही. अजरखवर तर जवळ जाऊनही छापातला ठिपका कोणता आणि चिखलाचा कोणता हे ठरवायला बोट लावून पाहावं लागलं.

आता छापाबद्दल. सगळे छाप चालत नाहीत. शिंतोड्याचा ठिपका मुगाच्या दाण्यापासून फार तर वाटाण्याएवढा असतो. छापातली नक्षीही त्याच मापाची असेल, आणि तिच्यात किमान एक गडद व एक उजळ रंग असेल, तरच चिखल हरवतो. मोठमोठी फुलं आणि मध्ये हातभर मोकळी जमीन असेल, तर त्या मोकळ्या जागेत शिंतोडा साध्या कापडासारखाच दिसतो. उभ्या बारीक पट्ट्या ओघळ लपवतात. चौकड्याचं कापडही चांगलं, पण चौकडा बारीक हवा.

भाचीने शेवटी तीन सलवारी शिवून घेतल्या: एक गडद मेंदी, एक कॉफी, एक अजरख छापाची. खाकी तिला नको होती, आणि चाचणीनेही खाकीची बाजू घेतली नाही, कारण पुढच्या परीक्षेत ती नापास झाली.

ती पुढची परीक्षा, चमचाभर पाण्याची

वाळलेल्या कोऱ्या तुकड्यांवर चमच्याने स्वच्छ पाण्याचे तीन-चार थेंब टाका आणि पाच मिनिटांनी बघा. खाकी सुती कापडावर रुपयाएवढे गडद गोल उठले. गडद मेंदीवर तेवढेच गोल होते, पण जेमतेम कळत होते. जे कापड मुळात गडद आहे, ते ओलं होऊन आणखी किती गडद होणार? म्हणून मधल्या उजळीचा रंग घेताना मी गडदाकडच्या बाजूचा घ्यायला सांगते. वाळलेल्या मातीपेक्षा एक पायरी गडद, काळ्यापासून मात्र बरंच अलीकडे. मेंदी, शेवाळी, कॉफी, आमसुली, गडद विटकरी, वांगी हे सगळे रंग या पट्ट्यात बसतात.

यापुढचं काम कापडाचं. सूत स्वतःमध्ये पाणी घेतं. नुसत्या हवेतली ओलही साधारण ८ टक्के धरून ठेवतं. पॉलिस्टरचा धागा अर्धा टक्कासुद्धा धरत नाही, पाणी फक्त धाग्यांच्या मध्ये अडकतं आणि लवकर उडून जातं. म्हणून पायात टेरिकॉट, क्रेप किंवा पॉलिस्टर मिसळलेलं पातळ कापड घ्या आणि अंगात सुती, असं मी सांगते. पूर्ण पॉलिस्टर अंगाला लावून दिवसभर बसणं माझ्याच्याने होत नाही, आणि बऱ्याच जणींना होत नाही. पायाला मात्र ते तितकं सलत नाही. रेयॉन, ज्याला दुकानात व्हिस्कोसही म्हणतात, उन्हाळ्यात सुंदर, पण पावसात टाळा. सुतापेक्षाही जास्त पाणी पितं, ओलं झालं की जड होऊन लोंबतं आणि त्या अवस्थेत कमकुवतही होतं. जीन्सबद्दल काय लिहू. कमरेची पट्टी आणि खिसे दुसऱ्या दिवशीही ओलेच.

दोन रंगांचे धागे एकत्र विणलेलं कापड मिळालं तर सोडू नका. उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या. आपल्याकडे याला धूपछाव म्हणतात. चिंतामणी रंगाची साडी आठवा, हलली की कधी निळी कधी जांभळी वाटते. अशा कापडावर ओल पडली तरी तिची कड स्पष्ट दिसत नाही, कारण कापड आधीच उजळ-गडद असं हलत असतं.

कुठे किती उडतं

सगळ्या कपड्याला एकच नियम लावायची गरज नाही. गाडीवर जाणाऱ्यांच्या माझ्याकडे आलेल्या सलवारी धुण्याआधी पाहिल्या आहेत. उजवा पाय नेहमी जास्त मळलेला असतो, कारण ओलांडून जाणाऱ्या आणि समोरून येणाऱ्या गाड्या उजवीकडून जातात. चालणाऱ्यांचं उलट आहे. त्यांच्या पोटऱ्या मागून भरतात, आणि ते उडवते आपलीच चप्पल. टाच सुटी असलेली चप्पल प्रत्येक पावलाला चिखल वर फेकते. मागे पट्टा असलेली सँडल घातली की मागचे शिंतोडे निम्म्याहून कमी होतात, मग रंग कोणताही असो.

म्हणजे चिखलाचं राज्य बॉटमपासून गुडघ्यापर्यंत. वर कुर्त्याला चिखलाची भीती थोडी, पाण्याची जास्त. त्यातही एक जागा बहुतेक जणी विसरतात, ती म्हणजे कुर्त्याचा मागचा भाग. ओल्या सीटवर बसलं की तिथे भलामोठा डाग पडतो आणि तो नेमका वर्गात फळ्याकडे वळल्यावर दिसतो. भाचीच्या दोन कुर्त्यांना मी पुढे साधं आणि मागे बारीक छापाचं कापड जोडलं. दिसायला छान दिसलं आणि कामही झालं. छापाचं कापड जोडायचं नसेल तर मागचा भाग गडद रंगाचा करा.

वरचा रंग: ढगांखाली उठून दिसणारा

खाली मेंदी-कॉफी घातल्यावर वरही तसंच मातकट घातलं तर माणूस उदास दिसतो. नाशिकचा पाऊस पुष्कळदा दोन-दोन दिवस भुरभुरतो, ऊन दिसत नाही. अशा उजेडात कापडावर चमक नसते, सावल्या नसतात, आणि उन्हात गोड वाटणारे फिके रंग, म्हणजे अबोली, मोतिया, फिका पिस्ता, राखेसारखे होतात. ढगाखालचा उजेड थोडा निळसरही असतो. पिवळट-गुलाबी छटा त्यात मरतात.

अशा दिवसांत भरलेले रंग टिकतात. हळदी, राणी, मोरपंखी, पोपटी, डाळिंबी. यातला एक रंग चेहऱ्याजवळ असला की पुरे. पूर्ण कुर्ता नको असेल तर ओढणी. ती गाडीवर बॅगेत जाते आणि पोहोचल्यावर बाहेर येते, तिच्यावर शिंतोडा उडायचा प्रश्नच नाही. मेंदी सलवारीवर राणी ओढणी, कॉफीवर मोरपंखी, आमसुलीवर हळदी, या जोड्या मी स्वतः करून पाहिल्या आहेत आणि पुन्हा करेन. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. ज्यांना संध्याकाळी, दिवेलागणीला घरी यायचं असतं त्यांनी मरून आणि डाळिंबीवर भिस्त ठेवू नये. उजेड अगदी कमी झाला की डोळ्यांना लाल छटा काळपट दिसतात आणि निळे-हिरवे रंग त्या मानाने उजळ वाटतात. रस्त्यावर दिसण्यासाठीही पोपटी किंवा पिवळा रेनकोट काळ्या-निळ्यापेक्षा कितीतरी चांगला. पावसात काळा रेनकोट घालून गाडी चालवणारा माणूस ट्रकवाल्याला दिसतच नाही, हे मी काळजीने सांगते आहे.

दुकानात उभं राहून

मेन रोडला किंवा कॉलेज रोडला कापड घ्यायला जाताना चाचणीतला आवडलेला तुकडा आणि एक पांढरा रुमाल पर्समध्ये ठेवा. दुकानातल्या दिव्याखाली रंग ठरवू नका. "जरा दारात बघून येते," म्हणा, कुणी नाही म्हणत नाही. ढगाळ दिवशी गेलात तर जास्त चांगलं, कारण त्याच उजेडात ते घालायचं आहे.

मग रुमालाचा कोपरा ओला करून कापडाच्या कडेला दहा-बारा वेळा दाबून घासा. रुमालावर रंग उतरला तर ते कापड पावसात सोबतच्या कुर्त्याला रंग देणार आणि स्वतः विटणार. गडद सुती कापडात हे हमखास बघावं. छापाच्या कापडात थोडासा रंग पहिल्या धुण्यात जातो, तेवढा चालतो. पण रुमाल ठसठशीत लाल किंवा निळा झाला तर कितीही आवडलं असलं तरी ठेवून द्या.

वाळल्यावर मळकट का दिसतं

शेवटची गोष्ट, जिच्यावर सगळ्यात जास्त तक्रारी येतात. "ताई, नवीन होतं, महिन्यात जुनं दिसायला लागलं." दरवेळी रंगच गेलेला असतो असं नाही. ओळखायची रीत सोपी आहे. सलवारीच्या आतल्या शिलाईची दुमडलेली पट्टी उलगडा. तिला ऊन-घासणं लागलेलं नसतं, तिथे मूळ रंग असतो. आता ती पट्टी आणि बाहेरचं कापड, दोन्ही ओल्या बोटाने भिजवा. ओलं असताना दोन्ही सारखेच गडद दिसले, तर रंग शाबूत आहे. वर साबणाचा थर राहिलाय किंवा घासून घासून बारीक तंतू उठले आहेत, आणि ते उजेड विखुरतात म्हणून कापड पांढुरकं दिसतं. ओलं करूनही बाहेरचं फिकंच राहिलं, तर रंग गेला, त्याला इलाज नाही.

साबणाच्या थराला इलाज आहे. पावडर कमी घ्या आणि खळबळून काढायला एक बादली जास्त घ्या. शेवटच्या पाण्यातही हात बुळबुळीत लागत असेल तर साबण अजून आहे. तंतू उठू नयेत म्हणून कपडा उलटा करून धुवा आणि ब्रश घासू नका.

चिखलाचा कपडा घरी आल्याआल्या ओला चोळू नये. बारीक माती आणखी आत जाते. काळ्या मातीचा तर कण इतका बारीक की धाग्यात जाऊन बसतो. आधी वाळू द्या, मग झटका, कोरड्या मऊ ब्रशने हलकेच उतरवा, नंतर साध्या पाण्यात एकदा खळबळून ते पाणी फेकून द्या, आणि मगच साबण. थेट साबणाच्या बादलीत टाकलं तर तीच माती पाण्यात फिरून सगळ्या कपड्यांवर बसते, आणि मग सगळेच कपडे करडे दिसायला लागतात. शहरातल्या रस्त्याच्या शिंतोड्यात तेल असतं, आणि पॉलिस्टर तेल धरून ठेवतं. राखाडी ठिपका धुऊनही राहिला तर त्यावर भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब बोटाने लावून दहा मिनिटं ठेवा.

वाळत घालताना कपडा उलटा, आणि दोन कपड्यांत चार बोटं अंतर. सलवार नाडीच्या बाजूने दोन चिमट्यांत उघडी टांगा, म्हणजे आत हवा जाते. दांडीवर दुमडून टाकलेली सलवार दुमडीपाशी तशीच ओली राहते, तिथे कुबट वास धरतो आणि फिकट सुती कापडावर चार-पाच दिवसांत बुरशीचे काळे ठिपके येतात. ते ठिपके एकदा आले की चिखलापेक्षाही हट्टी. पंखा कपड्यांच्या वरून नको, बाजूने लावा, आणि खिडकी बोटभर उघडी ठेवा, नाहीतर उडालेली ओल त्याच खोलीत फिरत राहते. कपडा वाळला की नाही हे पाठीवर हात फिरवून ठरवू नका. नेफा, काखेची शिलाई आणि खालची दुमड, या तीन जागा गालाला लावून पाहा. गार लागलं तर अजून ओल आहे, अजून दोन तास टांगलेलं राहू द्या.